रोजची थायरॉइडची गोळी रक्तात किती साठते आणि सहा आठवडे का थांबायचं: जीपीची बेरीज करून स्वतः काढा

आमच्या आईची थायरॉइडची गोळी डॉक्टरांनी ५० ची ७५ केली आणि सांगितलं की सहा आठवड्यांनी परत रक्त तपासा. आईला कुठला धीर, तिने दहाव्या दिवशीच सकाळी जाऊन टीएसएच करून घेतलं, रिपोर्ट जवळजवळ जुन्यासारखाच आला आणि मग संध्याकाळी मला फोन, की गोळी लागू पडत नाहीये, मी आपली शंभरची चालू करू का. मी फार्मसीच्या मुलांना शिकवते, त्यामुळे उत्तर मला माहीत होतं, पण फोनवर नुसतं "नको गं, थांब" म्हणून तिचं समाधान होईना. शेवटी रविवारी तिच्यासमोर वही घेऊन बसले आणि सगळी बेरीज करून दाखवली. तीच बेरीज इथे लिहितेय. अकरावीत जीपी म्हणजे भूमिती श्रेढी शिकला असाल तर आठवेल, नसाल शिकला तरी चालेल, गुणाकार आणि बेरीज येत असली की पुरे.

एक आधीच सांगते, या गणिताने आपला डोस आपण बदलायचा नाहीये. डॉक्टर सहा आठवडे का म्हणाले, गोळी चुकली तर किती बिघडतं, हे कळण्यासाठी हे आहे.

पायरी १: औषधाची हाफ-लाइफ शोधा

शरीरात असलेलं औषध निम्मं व्हायला जेवढा वेळ लागतो ती हाफ-लाइफ. थायरॉइडच्या गोळीत लेव्होथायरॉक्सिन असतं, म्हणजे आपली थायरॉइड ग्रंथी टी-फोर नावाचं जे हार्मोन बनवते तेच. त्याची हाफ-लाइफ साधारण ७ दिवस आहे. औषधांच्या मानाने ही खूपच मोठी आहे, पॅरासिटामॉलची दोन-तीन तासांची असते.

हा ७ चा आकडा थायरॉइड नॉर्मल असलेल्या माणसाचा आहे बरं का. थायरॉइड कमी असलेल्यांमध्ये शरीराचा सगळाच कारभार मंद झालेला असतो, टी-फोर संपवण्याचं कामही मंद, त्यामुळे तिथे हाफ-लाइफ ९-१० दिवसांपर्यंत जाते, आणि थायरॉइड जास्त असलेल्यांमध्ये ३-४ दिवसांवर येते. आपण ७ धरून हिशोब करू आणि शेवटी १० धरून काय फरक पडतो ते बघू.

पायरी २: एका दिवसात किती उरतं ते काढा

आपल्याला हवा असलेला प्रश्न असा, की आज सकाळी शरीरात जेवढं औषध आहे त्यातलं उद्या सकाळी किती उरेल? सात दिवसांत निम्मं होतं म्हणून पुष्कळ मुलं पटकन ५० भागिले ७ करतात आणि रोज सात टक्के जातं असं लिहून मोकळी होतात. तसं नसतं. औषध रोज ठरावीक मायक्रोग्रॅम कमी होत नाही, जेवढं त्या दिवशी आहे त्याचा ठरावीक हिस्सा कमी होतो. म्हणजे आपल्याला असा एक आकडा पाहिजे ज्याने सात वेळा गुणलं की बरोबर अर्धा येईल. त्या आकड्याला r म्हणूया:

```
r = 2^(-1/7) = 0.9057
```

मोबाइलचा कॅल्क्युलेटर आडवा धरला की घाताचं बटण येतं, त्यावर करून बघा. ०.९०५७ म्हणजे रोज ९०.५७ टक्के उरतं आणि साधारण साडेनऊ टक्के जातं. शरीरविज्ञानाच्या पुस्तकातही टी-फोरचा साठा रोज दहा टक्क्यांच्या आसपास खर्च होतो असंच दिलेलं असतं, तेव्हा आपण बरोबर रस्त्यावर आहोत.

दुसऱ्या औषधासाठी करायचं असेल तर घातात वर दोन डोसमधलं अंतर आणि खाली हाफ-लाइफ, दोन्ही एकाच मापात, तासात तर तासात, दिवसात तर दिवसात. मुलांची निम्मी उत्तरं इथेच चुकतात, एक आकडा तासात आणि एक दिवसात घालून बसतात.

पायरी ३: रक्तात खरंच किती जातं ते धरा

गोळीवर १०० लिहिलंय म्हणजे रक्तात १०० मायक्रोग्रॅम जातंच असं नाही. लेव्होथायरॉक्सिन उपाशीपोटी पाण्याबरोबर घेतलं तर साधारण ७० ते ८० टक्के आतड्यातून शोषलं जातं. कॉफीबरोबर घेतलं, किंवा कॅल्शियमची नाहीतर लोहाची गोळी सोबतच घेतली तर त्याहून कमी. म्हणून तर डॉक्टर सकाळी उठल्या उठल्या घ्या आणि कॅल्शियम-लोह चार तासांनी घ्या म्हणून सांगतात. आपण ८० टक्के धरू, म्हणजे १०० च्या गोळीतलं ८० मायक्रोग्रॅम रोज आत येतंय. या ८० ला D म्हणूया.

आणि गोळी घेतल्या क्षणी सगळं एकदम आत आलं असं मानू. खरं तर तास-दोन तास, कधी जास्त लागतात, पण सात दिवसांच्या हाफ-लाइफपुढे त्या दोन-चार तासांनी हिशोबात काही फरक पडत नाही. हे सगळ्या औषधांना चालत नाही हं, जिथे हाफ-लाइफच तीन तासांची आहे तिथे शोषायला लागणारे दोन तास सोडून देता येत नाहीत.

पायरी ४: पहिला आठवडा हाताने लिहा

ही पायरी गाळू नका, सूत्र नंतर येतंच आहे पण आधी हाताने केलं की सूत्र डोक्यात बसतं. समजा एखाद्याची थायरॉइड ग्रंथी ऑपरेशनने पूर्ण काढलीय आणि शरीरात स्वतःचं टी-फोर काहीच उरलेलं नाही, म्हणजे शून्यापासून सुरुवात, आणि रोज १०० ची एक गोळी.

पहिल्या दिवशी गोळी घेतल्यावर ८०. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यातले ७२.५ उरले, त्यात नवीन ८० आले, झाले १५२.५. तिसऱ्या दिवशी या १५२.५ चे ०.९०५७ पट म्हणजे १३८ उरले, त्यात ८०, झाले २१८. असंच पुढे चौथ्या दिवशी २७७.५, पाचव्या दिवशी ३३१, सहाव्या दिवशी ३८०, सातव्या दिवशी ४२४.

आता आकडे वाचताना वाढ किती होतेय ते बघा. दुसऱ्या दिवशी आदल्या दिवसापेक्षा ७२.५ ने वाढलं, मग ६५.६ ने, मग ५९.४ ने, मग ५४ ने. गोळी तर रोज तेवढीच आहे मग वाढ कमी का होतेय? कारण शरीरात जितकं जास्त साठतं तितकं जास्त बाहेरही जातं, साडेनऊ टक्के हा हिस्सा तोच पण कशाच्या साडेनऊ टक्के ते रोज वाढतंय. शंभरातले साडेनऊ जातात, चारशेतले अडतीस जातात. हे असंच चाललं तर एक दिवस असा येणार की जेवढं रोज आत येतं तेवढंच रोज बाहेर जातं आणि पातळी तिथेच थांबते. टाकीला खाली भोक असावं आणि वरून नळ चालू असावा, पाणी जसं चढतं तसं भोकातून जोरात जायला लागतं आणि एका उंचीला येऊन ते स्थिर होतं, अगदी तसंच. या स्थिर पातळीला स्टेडी स्टेट म्हणतात, आणि ती उंची किती हेच आपल्याला काढायचंय.

पायरी ५: बेरीज ओळखा

सातव्या दिवशी शरीरात जे ४२४ आहे ते नेमकं कशाचं बनलंय? आजची गोळी पूर्ण, कालच्या गोळीतलं एक दिवस झिजून उरलेलं, परवाच्या गोळीतलं दोन दिवस झिजून उरलेलं, असं मागे मागे पहिल्या गोळीपर्यंत. प्रत्येक गोळी आपापली स्वतंत्र झिजतेय, एकीला दुसरीचं काही देणंघेणं नाही. म्हणजे n दिवसांनंतर

```
S = D + D·r + D·r^2 + ... + D·r^(n-1)
```

प्रत्येक पद आधीच्या पदाच्या r पट, म्हणजे ही सरळ जीपी आहे, भूमिती श्रेढी. पन्नास दिवसांची बेरीज एक एक पद लिहून करायची गरज नाही. पूर्ण ओळीला r ने गुणा:

```
r·S = D·r + D·r^2 + ... + D·r^n
```

आणि वरच्या ओळीतून खालची वजा करा. मधली सगळी पदं वर पण आहेत आणि खाली पण आहेत, ती उडाली. वरचं पहिलं D राहिलं आणि खालचं शेवटचं राहिलं:

```
S - r·S = D - D·r^n
S = D·(1 - r^n) / (1 - r)
```

पडताळून बघा. सात दिवसांसाठी r चा सातवा घात म्हणजे अर्धा, आपण r निवडलाच तसा होता. तर वर ८० गुणिले ०.५ म्हणजे ४०, खाली १ वजा ०.९०५७ म्हणजे ०.०९४३, भागाकार ४२४. हाताने केलेल्या आकड्याशी जुळलं. आई इथे पहिल्यांदा म्हणाली, "हां, म्हणजे हे खरंच येतंय."

पायरी ६: लिमिट घ्या

आता गोळी वर्षानुवर्षं चालू आहे असं समजा. n मोठा मोठा होत गेला की r चा n वा घात शून्याकडे जातो, कारण r एकापेक्षा लहान आहे. मग कंसात नुसता १ उरतो:

```
S = D / (1 - r) = 80 / 0.094276 = 848.6
```

झालं, ही लिमिट म्हणजेच ती टाकीतली उंची. रोज ८० आत येतंय पण शरीरात साठा ८४९ च्या आसपास, म्हणजे साडेदहा दिवसांच्या गोळ्यांइतका. दुसऱ्या बाजूनेही हेच येतं: स्थिर झालं म्हणजे रोज जाणारं आणि रोज येणारं सारखं, जाणारं म्हणजे S चा ०.०९४३ हिस्सा आणि येणारं ८०, म्हणून S म्हणजे ८० भागिले ०.०९४३. जीपी विसरलात तरी या वाटेने सूत्र परत काढता येतं.

मला या आकड्याबद्दल मनापासून आवडणारी एक गोष्ट सांगते. निरोगी माणसाची थायरॉइड ग्रंथी रोज साधारण ८० ते १०० मायक्रोग्रॅम टी-फोर तयार करते आणि निरोगी माणसाच्या शरीरात, ग्रंथीच्या बाहेर, टी-फोरचा एकूण साठा साधारण ८०० ते १००० मायक्रोग्रॅम असतो. आपण फक्त हाफ-लाइफ आणि रोजचा डोस घेऊन कागदावर भागाकार केला आणि निसर्गाने ठेवलेला साठा समोर आला. मी वर्गात दरवर्षी हे करते आणि दरवर्षी मलाच छान वाटतं.

८४८.६ हा गोळी घेतल्या घेतल्याचा आकडा, म्हणजे शिखर. दुसऱ्या दिवशी गोळी घेण्याआधीचा तळ त्याहून बरोबर एका डोसने कमी, ७६८.६. दिवसभरात पातळी या दोघांच्या मधे हलते, दहा टक्क्यांपेक्षाही कमी. त्याच्या तुलनेत अडीच तासांची हाफ-लाइफ धरून दर सहा तासांनी घेतलेली पॅरासिटामॉल घ्या: r येतो ०.१९ आणि शिखर फक्त १.२३ डोस, म्हणजे दुसरी गोळी घेताना पहिलीतलं जेमतेम एक पंचमांश उरलेलं असतं. तिथे साठणं असं काही नाही, दर गोळी म्हणजे जवळजवळ नवीन सुरुवात.

पायरी ७: किती दिवस लागतील

आईचा प्रश्न खरा हा होता. सूत्रात परत बघा, लिमिटपासून आपण किती दूर आहोत हे फक्त r च्या n व्या घातावर आहे, D तिथे नाहीच. म्हणजे गोळी २५ ची घ्या नाहीतर १५० ची, पोचायला लागणारे दिवस तेच. मोठ्या गोळीने उंची वाढते, पण तिथे पोचण्याचा वेळ कमी होत नाही. बहुतेकांना हे पटत नाही, डोस जास्त घेतला की लवकर गुण येईल असं मनात पक्कं बसलेलं असतं.

आणि दर सात दिवसांनी उरलेलं अंतर निम्मं होतं. एका आठवड्याने ५० टक्के पोचलो, दोन आठवड्यांनी ७५, तीनने ८७.५, चारने ९४ च्या जवळ, पाचने ९७ आणि सहा आठवड्यांनी ९८.४ टक्के. शून्यातून सुरू केलेल्या माणसाचे ४२ व्या दिवशी ८३५ होतात, लिमिट ८४९. डॉक्टरांचे सहा आठवडे बघा इथे दिसतात. चार-पाच हाफ-लाइफ झाल्या की स्टेडी स्टेट आली असं मानायचा औषधशास्त्रात रिवाज आहे, तोही याच आकड्यांतून आलाय.

आता आईचा हिशोब. तिचा डोस शून्यातून सुरू झालेला नव्हता, ५० चालूच होती, म्हणजे आत येणारे ४० आणि लिमिट ४२४. ७५ केल्यावर आत येणारे ६०, नवीन लिमिट ६३६. मधलं अंतर २१२. प्रत्येक गोळी स्वतंत्र झिजते म्हणून आपण असं समजू शकतो की जुनी ५० ची गोळी चालूच आहे, तिचे ४२४ जागेवरच आहेत, आणि वरची २५ ही वेगळी गोळी आजपासून शून्यातून सुरू झालीय. मग फक्त या २१२ ची चढण बघायची. दहाव्या दिवशी ती ६३ टक्के झालेली असते, म्हणजे १३३. एकूण ५५७, अजून ७९ बाकी. आणि तिची हाफ-लाइफ थायरॉइड कमी असल्यामुळे १० दिवसांची धरली तर दहाव्या दिवशी बदल जेमतेम निम्मा झालेला (आणि तेव्हा दोन्ही लिमिटही वर सरकतात, पण टक्केवारीचा मुद्दा तोच राहतो). हाफ-लाइफ १० धरूनसुद्धा सहा आठवड्यांत साधारण ९४-९५ टक्के गाठलं जातं, त्यामुळे सहा आठवडे हा सल्ला दोन्हीकडे टिकतो.

शिवाय टीएसएच म्हणजे टी-फोर नव्हे. टीएसएच पिट्युटरी ग्रंथी सोडते, रक्तातलं टी-फोर बघून, आणि ती आपला अंदाज हळूहळू बदलते, टी-फोर जागेवर आल्यावरही तिला वेळ लागतो. म्हणजे दहाव्या दिवशी केलेलं टीएसएच हे अर्ध्या वाटेवरच्या टी-फोरला पिट्युटरीने दिलेलं उशिराचं उत्तर होतं. त्या रिपोर्टवरून शंभर चालू केली असती तर महिन्याभराने पातळी वर गेली असती, आणि मग धडधड, झोप नाही, हात थरथरतायत, असं सगळं सुरू होऊन परत उलटा गोंधळ.

पायरी ८: शीटमध्ये करून बघा, आणि एक गोळी चुकवा

मोबाइलवर स्प्रेडशीट असेल तर पाच मिनिटांचं काम आहे. पहिल्या खान्यात पहिला डोस, दुसऱ्यात सूत्र, आणि ते खाली साठाव्या ओळीपर्यंत ओढा:

```
B1: 80
B2: =B1*2^(-1/7)+80
```

B7 मध्ये ४२४ आणि B42 मध्ये ८३५ दिसले पाहिजेत. नाही दिसले तर बहुधा घातातला कंस राहिलाय, कंस नसला की शीट आधी घात करते आणि मग सातने भागते आणि भलतंच काहीतरी येतं.

आता पन्नासाव्या दिवशी गोळी विसरलो असं करा, म्हणजे फक्त त्या एका खान्यातून शेवटचे ८० काढा:

```
B50: =B49*2^(-1/7)
```

८४२ वरून पातळी ७६३ वर येते. म्हणजे एक गोळी पूर्ण विसरली तरी साठा साधारण साडेनऊ टक्क्यांनीच खाली. आणि तो खड्डा पण रोज r पट होत भरत जातो, सात दिवसांनी B57 मध्ये बघा, ८०६ च्या आसपास, ८० चा खड्डा ४० चा झालेला. म्हणून एक दिवस विसरलं की घाबरून जाण्यासारखं काही नाही, पण आठवडाभर गावाला गेलो आणि डबी घरीच राहिली तर साठा निम्म्यावर येतो आणि तो परत भरायला परत तेच पाच-सहा आठवडे. लग्नसराईत हे फार होतं, आणि मग नंतरचा रिपोर्ट बिघडला की डोस वाढवला जातो. तपासणीच्या आधीच्या महिन्यात गोळ्या चुकल्या असतील तर ते डॉक्टरांना नक्की सांगा, नाहीतर ते डोस कमी पडतोय असं समजतील.

चुकलेली गोळी नंतर घ्यायची का, कधी, हे आपापल्या डॉक्टरांना एकदा विचारून ठेवा. थायरॉइडच्या गोळीचा हिशोब बघून दुसऱ्या औषधाच्या दोन गोळ्या एकदम घ्यायच्या नाहीत, कारण तिथला r वेगळा असतो आणि धोक्याची पातळी कितीतरी जवळ असू शकते.

लिमिटवर लगेच जाता येतं का?

येतं. पहिलाच डोस D भागिले (१ वजा r) एवढा दिला की पहिल्या दिवशीच लिमिट गाठली, पुढे रोजच्या डोसने ती टिकते. याला लोडिंग डोस म्हणतात. थायरॉइडच्या रोजच्या रुग्णाला असं करत नाहीत, मंदावलेल्या शरीराला, खास करून हृदयाला, एकदम एवढं टी-फोर झेपत नाही, म्हातारी माणसं आणि हृदयरोगी यांना तर उलट २५ किंवा साडेबारापासून सुरुवात करतात. पण थायरॉइड इतकी कमी होते की पेशंट बेशुद्धीकडे जातो अशी मिक्सीडीमा कोमा नावाची अवस्था असते, तिथे सहा आठवडे थांबायला वेळच नसतो, तेव्हा आयसीयूत शिरेतून पहिला डोस २०० ते ४०० मायक्रोग्रॅमचा देतात. आपल्या ८४९ च्या निम्म्यापेक्षा कमीच, पण गोळ्यांनी तिथवर यायला जवळजवळ आठवडा गेला असता.

हिशोब कुठे फसतो: r बदलला तर

सूत्रात 1 - r खाली आहे, त्यामुळे r थोडासा जरी १ कडे सरकला तरी लिमिट उडी मारते. याचं सगळ्यात धोकादायक उदाहरण डिगॉक्सिन, हृदयाची गोळी. किडनी चांगली असेल तर हाफ-लाइफ दीड दिवसाच्या आसपास, म्हणजे r ०.६३ आणि लिमिट २.७ डोस. डिगॉक्सिन मुख्यतः किडनीतून बाहेर जातं, किडनी निकामी व्हायला लागली की हाफ-लाइफ चार दिवसांवर जाऊ शकते. r होतो ०.८४, लिमिट ६.३ डोस. गोळी तीच, रोज एकच, वेळेवर घेतलेली, आणि शरीरातला साठा दुपटीपेक्षा जास्त. डिगॉक्सिनची उपयोगी पातळी आणि विषारी पातळी यांत फारसं अंतर नसतं, त्यामुळे हे दुप्पट होणं म्हणजे मळमळ, भूक जाणं, नजरेला पिवळसर दिसणं, नाडी बिघडणं.

आणि यातली फसवी गोष्ट वेळेची आहे. r वाढला की पोचायला लागणारा वेळही वाढतो, चार दिवसांच्या चार-पाच हाफ-लाइफ म्हणजे अडीच-तीन आठवडे. पहिल्या आठवड्यात सगळं ठीक दिसतं, दुसऱ्या आठवड्यात आजोबा जेवत नाहीत, आणि घरातले म्हणतात की औषध तर जुनंच आहे, त्याने कसं होईल. घरात कुणी ही गोळी घेत असेल आणि जुलाब-उलट्या होऊन लघवी कमी झाली असेल, किंवा क्रिएटिनिन वाढल्याचा रिपोर्ट आला असेल, तर डिगॉक्सिन चालू आहे हे डॉक्टरांना आपणहून त्याच दिवशी सांगा.

आणि जिथे जीपीच लागू होत नाही

आपण पहिल्यापासून एक गोष्ट गृहीत धरली, की रोज जाणारा हिस्सा ठरावीक आहे. फिट्सवरचं फेनिटॉइन हे मोडतं. त्याला लिव्हरमधली एन्झाइम्स फोडतात आणि नेहमीच्या डोसलाच ती एन्झाइम्स भरत आलेली असतात, तिकीट खिडक्या तेवढ्याच आणि रांग वाढतेय असं. रक्तात जास्त फेनिटॉइन असलं तरी त्या प्रमाणात जास्त बाहेर जाऊ शकत नाही, म्हणजे पातळी वाढली की r स्वतःच वाढतो, आणि प्रत्येक गोळी आपापली स्वतंत्र झिजते हे आपलं वाक्य खोटं पडतं. ३०० मिलिग्रॅमवर बरा असलेला पेशंट ४०० वर नेला तर आपल्या सूत्राने पातळी एक तृतीयांशाने वाढायला हवी, प्रत्यक्षात ती दुप्पट किंवा त्याहून वर जाऊ शकते, चालताना तोल जातो, डोळ्यांची बुबुळं आपोआप हलत राहतात. आणि हाफ-लाइफ असा एक आकडाच तिथे नसल्यामुळे किती दिवसांनी स्थिर होईल हेही पायरी ७ ने सांगता येत नाही. म्हणून तिथे डॉक्टर डोस २५-५० ने वाढवतात आणि रक्तातली पातळी मोजत राहतात.

एखादं औषध यातलं आहे की नाही हे ओळखायला एक साधी कसोटी आहे: डोस दुप्पट केल्यावर स्थिर झालेली पातळीही दुप्पट येते का? लेव्होथायरॉक्सिनच्या साठ्याला ती साधारण लागू पडते, डिगॉक्सिनला किडनी जशीच्या तशी असेपर्यंत लागू पडते, फेनिटॉइनला नाही. ही माहिती औषधाच्या डब्यातल्या घडी घातलेल्या बारीक अक्षरांच्या कागदात, औषध शरीरात कसं फिरतं त्या भागात, हाफ-लाइफच्या आजूबाजूलाच लिहिलेली असते. तिथे डोसच्या प्रमाणात पातळी वाढत नाही असं काही दिसलं तर वरची शीट त्या औषधासाठी उघडायचीच नाही.

आईने सहा आठवडे पूर्ण करून मग टीएसएच केलं. ७५ वरच आहे अजून.